डिस्चार्ज कार्ड घरच्यांना कळेल अशा मराठीत कसं उतरवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागात औषधांचं दुकान चालवतो, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे. दवाखान्यातून सुट्टी मिळालेल्या माणसाचा मुलगा किंवा सून औषधांची पिशवी काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "कसं द्यायचं तेवढं मराठीत लिहून द्या." हे लिहून देण्याचं काम मी गेली कित्येक वर्षं करतोय. त्यात पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे धागा सुटणार नाही: यंत्रमागावर आयुष्य गेलेले ६२ वर्षांचे एक काका. आधीपासून शुगर आणि बीपी. हार्ट अटॅक आला, सोमवारी दुपारी ४ वाजता अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, बुधवारी दुपारी १२ वाजता सुट्टी मिळाली.

कार्डावर सगळं लिहिलेलं असतंच, मग पुन्हा लिहायचं कशाला?

कारण ते कार्ड घरच्यांसाठी लिहिलेलं नसतं, पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं. त्यात औषधं आजाराच्या क्रमाने येतात: आधी हृदयाची, मग शुगरची, मग पित्ताची. घरात औषध देणारी बाई आजाराच्या क्रमाने दिवस काढत नाही, ती घड्याळाच्या क्रमाने काढते. सकाळी उठल्यावर काय, नाश्त्यानंतर काय, झोपताना काय, एवढंच तिला हवं असतं. म्हणून हे काम फक्त भाषांतराचं नाही. कार्ड मोडून घड्याळावर पुन्हा मांडायचं असतं.

कार्डावरच्या ओडी, बीडी, एचएस या खुणांचा अर्थ काय?

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, बीबीएफ म्हणजे नाश्त्याआधी. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. एसएल म्हणजे जिभेखाली. १-०-१ असं लिहिलं असेल तर पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा.

एक अपवाद जरूर लक्षात ठेवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या कार्डावर ओडी म्हणजे उजवा डोळा असा अर्थ असू शकतो. डोळ्याच्या थेंबांपुढे ओडी दिसलं की "दिवसातून एकदा" असं परस्पर लिहू नका. कोणता डोळा आणि किती वेळा, हे दोन्ही विचारून घ्या.

आणि बीडी म्हणजे नुसतं "दोनदा" नव्हे. काकांच्या कार्डावर टिकाग्रेलॉर ९० बीडी होतं. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली ही गोळी आहे, आणि तिचा असर सुमारे बारा तास धरून ठेवायचा असतो. "दिवसातून दोनदा" एवढंच लिहिलं, तर कोणी सकाळी ११ ला आणि रात्री ८ ला देतं. त्यामुळे बीडी दिसलं की मी दोन वेळा घड्याळानेच लिहितो: सकाळी ८, रात्री ८.

काकांचं कार्ड मराठीत उतरल्यावर कसं दिसलं?

कार्डावर नियमित औषधं सहा होती: अ‍ॅस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९०, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल २५, पॅन्टोप्राझोल ४० आणि मेटफॉर्मिन ५००. सातवी आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५, त्रास झाला तरच. सुनेला आधी विचारलं, काका उठतात कधी, खातात कधी. नाश्ता साडेसातला, दुपारचं जेवण १ ला, रात्रीचं साडेसातला, झोप १० ला. मग कागद असा झाला:

सकाळी ७, काहीही खाण्याआधी, नुसत्या पाण्याबरोबर: पॅन्टोप्राझोल ४०, एक गोळी. पित्तासाठी. ही दिल्यावर अर्ध्या तासाने नाश्ता.

सकाळी ८, नाश्ता झाल्यावर: टिकाग्रेलॉर ९०, एक गोळी, स्टेंटसाठी. मेटोप्रोलॉल २५, एक गोळी, हृदयाचे ठोके आणि बीपीसाठी. चावायची नाही, कुटायची नाही. मेटफॉर्मिन ५००, एक गोळी, शुगरसाठी.

दुपारी १, जेवण झाल्यावर: अ‍ॅस्पिरिन ७५, एक गोळी. स्टेंटसाठी.

रात्री ८, जेवण झाल्यावर: टिकाग्रेलॉर ९०, एक गोळी. मेटफॉर्मिन ५००, एक गोळी.

रात्री १०, झोपताना: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०, एक गोळी. कोलेस्टेरॉलसाठी.

खाली मोठ्या अक्षरात: दिवसभरात एकूण ८ गोळ्या.

हा शेवटचा आकडा फार कामाचा आहे. सकाळी सून डबीत दिवसाच्या गोळ्या काढते तेव्हा मोजते. सात आल्या तर एक राहिली, नऊ आल्या तर एक जास्त झाली. वाचण्यात चूक झाली तरी मोजण्यात ती सापडते.

"कशासाठी" हे दोन शब्दांत लिहायचंच. नाहीतर छातीत दुखायचं थांबलं की घरचे म्हणतात, आता एवढ्या गोळ्या कशाला, आणि नेमकी स्टेंटची गोळी बंद होते. ती अचानक बंद झाली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. म्हणून टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅस्पिरिन या दोन्हींपुढे मी आणखी एक ओळ लिहिली: "हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारायचं."

घरात आधीची औषधं आहेत, त्यांचं काय करायचं?

मला विचाराल तर अख्ख्या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच आहे. नव्या कार्डावर नवी औषधं असतात. घरातल्या डब्यात जुनी असतात. आणि कार्डावर सहसा "जुनं अमुक बंद करा" असं स्पष्ट लिहिलेलं नसतं.

काकांच्या सुनेला मी म्हटलं, "वहिनी, घरातला औषधांचा डबा आहे तसा घेऊन या." तिने आणला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात तीन पत्ते निघाले. पहिला एका कॅप्सूलचा. वरचं कंपनीचं नाव काहीतरी वेगळंच, पण पत्त्याच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिले होते: अ‍ॅस्पिरिन ७५ आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १०. म्हणजे नव्या कार्डावरची दोन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये आधीपासून चालू होती. नाव वेगळं म्हणून घरच्यांनी दोन्ही दिली असती, तर अ‍ॅस्पिरिन दुप्पट गेली असती. टिकाग्रेलॉरनेही रक्त पातळ राहतं, त्यात दुप्पट अ‍ॅस्पिरिन म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आणखी वाढतो.

दुसरा पत्ता शुगरचा. मागे वाचलं तर ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र. नव्या कार्डावर नुसती मेटफॉर्मिन. मग ग्लिमेपिराइड मुद्दाम काढली की लिहायची राहिली? तिसरा पत्ता बीपीचा, अ‍ॅम्लोडिपिन ५. कार्डावर तिचं नावच नाही. तिच्याबद्दलही तोच प्रश्न.

अशा वेळी अंदाज करायचा मोह होतो. मी करत नाही, तुम्हीही करू नका. तिथल्या तिथे वॉर्डात फोन लावला आणि एकेक नाव घेऊन विचारलं. उत्तर आलं: कॅप्सूल बंद, तिची जागा नव्या दोन गोळ्यांनी घेतली. ग्लिमेपिराइडची गोळी बंद, कारण दवाखान्यात शुगर फार खाली गेली होती. अ‍ॅम्लोडिपिन तूर्त बंद, पुढच्या तपासणीत बीपी बघून ठरवू. हे तिन्ही कागदावर "बंद केलेली औषधं" म्हणून वेगळ्या चौकटीत लिहिले, पुढे कोणी सांगितलं तेही लिहिलं, आणि ते पत्ते एका पिशवीत बांधून वर "देऊ नये" अशी चिठ्ठी लावली. लगेच फेकायला सांगितलं नाही, कारण पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायचे होते.

पत्त्यावरचं ठळक नाव कंपनीचं असतं. घटकाचं नाव त्याच्या खाली किंवा मागे बारीक अक्षरात असतं. दोन औषधं एकच आहेत का, हे फक्त घटकाच्या नावावरून कळतं. गोळीचा रंग आणि पत्त्याची चकाकी यावरून काहीच कळत नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी घरी किती औषधं द्यायची?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत. विचारायला हवा. सकाळचे डोस बऱ्याचदा वॉर्डात दिलेले असतात. घरी आल्यावर कागद बघून सून पुन्हा सकाळपासून सुरू करते. निघण्याआधी सिस्टरांना एकच विचारायचं: "आज कोणकोणत्या गोळ्या देऊन झाल्या?" काकांच्या पॅन्टोप्राझोल, टिकाग्रेलॉर आणि मेटोप्रोलॉल सकाळी वॉर्डात झाल्या होत्या. अ‍ॅस्पिरिन झाली नव्हती.

मेटफॉर्मिनची गोष्ट वेगळी होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, ४८ तास थांबवा. अँजिओग्राफीत आणि अँजिओप्लास्टीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जे औषध सोडतात, ते किडनीवाटे बाहेर पडतं. त्याने किडनी मंदावली तर मेटफॉर्मिन अंगात साठू शकते, म्हणून काही पेशंटमध्ये ती थांबवून, किडनीची तपासणी बघून पुन्हा सुरू करतात. घरच्यांना "४८ तास" देऊन उपयोग नाही. कुठून मोजायचे, हाच त्यांना प्रश्न पडतो. सोमवारी दुपारी ४ पासून मोजले तर बुधवारी दुपारी ४ ला संपतात. रिपोर्ट ठीक आहे हे डॉक्टरांकडून विचारून घेतलं आणि लिहिलं: "मेटफॉर्मिन बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर सुरू."

मग बुधवारसाठी वेगळी, छोटी यादी झाली: दुपारी १ ला अ‍ॅस्पिरिन, रात्री ८ ला टिकाग्रेलॉर आणि मेटफॉर्मिन, रात्री १० ला अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. आज ४ गोळ्या. उद्यापासून ८.

एसओएस म्हणजे "गरज पडल्यास" असं लिहिलं तर चालेल ना?

नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असंच लिहायचो. एकदा एका मावशींच्या कागदावर जिभेखालच्या गोळीपुढे "गरज पडल्यास" लिहून दिलं. पंधरवड्याने त्यांचा मुलगा आला तेव्हा कळलं, मावशींना रोज संध्याकाळी थकवा वाटायचा आणि त्या रोज ती गोळी घ्यायच्या. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. एकदा मोरीत चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, पण ती चूक माझ्या शब्दांची होती. गरज म्हणजे काय, हे मी लिहिलंच नव्हतं.

आता मी कधी, कशी, किती आणि नाही थांबलं तर काय, हे चारही लिहितो. काकांच्या कागदावर डॉक्टरांना विचारून असं लिहिलं:

"छातीत दुखलं, दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं झालं तरच. थकव्यासाठी नाही, डोकेदुखीसाठी नाही, पित्तासाठी नाही. आधी खाली बसवायचं, उभ्याने द्यायची नाही. एक गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करायचा. स्कूटरवर बसवून न्यायचं नाही."

याबरोबर एक अवघड गोष्ट सांगावीच लागते, आणि ती मी पेशंटला बाजूला घेऊन सांगतो. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही, बीपी धोक्याच्या खाली जातं. घरच्यांसमोर कोणी ते कबूल करत नाही.

कोणते मराठी शब्द टाळावेत?

"आठ दिवसांनी" हा पहिला. आपण बोलताना आठ दिवस म्हणतो तेव्हा आठवडा म्हणायचं असतं, पंधरा दिवस म्हणतो तेव्हा दोन आठवडे. कार्डावर एका आठवड्याने दाखवा असं असतं, लिहिणारा "८ दिवसांनी" लिहितो, आणि बुधवारची ओपीडी चुकवून माणूस गुरुवारी पोहोचतो. औषधाचा कोर्स असला तर एक दिवस जास्त जातो किंवा गोळ्या कमी पडतात. तारीख आणि वार लिहा. दुसरं काहीच नको.

"उपाशीपोटी" हा दुसरा. कोणाला वाटतं, चहा चालतो. कोणाला वाटतं, रात्रीपासून काही खायचंच नाही. म्हणून "चहाच्याही आधी, नुसत्या पाण्याबरोबर" असं लिहायचं. रक्ततपासणीसाठी उपाशी राहायचं असेल तर "रात्री १० नंतर काही खायचं नाही, साधं पाणी चालेल" असं, तेही लॅबला विचारून.

"एक चमचा" हा तिसरा. घरातले चमचे सारखे नसतात. पातळ औषधासोबत येणाऱ्या टोपणावर किंवा मापावर मिलीच्या रेघा असतात. "५ मिली, टोपणाच्या या रेघेपर्यंत" असं लिहून त्या रेघेवर पेनाने खूण करून द्या.

आणि "जेवणानंतर" असेल तर पुढे हेही लिहायचं, की जेवण गेलंच नाही तर काय. शुगरच्या औषधाला हा प्रश्न हमखास येतो, उत्तर पेशंटप्रमाणे बदलतं, त्यामुळे ते डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

आकडे मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

वरवर किरकोळ वाटेल, पण इथे घोळ होतात. देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. घरात आजी मराठी आकडे वाचते, नात इंग्रजी शाळेत जाते, आणि औषध दोघी देतात. "१ गोळी" आणि "४ वाजता" हे वाचणाऱ्यावर अवलंबून राहतं.

माझा नियम असा: गोळीची संख्या अक्षरात. "एक गोळी", "अर्धी गोळी". औषधाची ताकद मात्र पत्त्यावर जशी छापली आहे तशीच उतरवायची, म्हणजे कागद आणि पत्ता शेजारी धरून जुळवता येतात. वेळ आकड्यात लिहिली तरी आधी सकाळी, दुपारी, रात्री हा शब्द हवाच. इन्सुलिन असेल तर "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा. आकड्यापुढे नुसतं इंग्रजी यू काढलं की ते शून्य वाटतं आणि दहाचे शंभर होतात.

"अर्धी गोळी" लिहिताना आणखी एक. काही गोळ्या औषध हळूहळू सोडतात, त्या तोडायच्या किंवा कुटायच्या नसतात. कार्डावर अर्धी लिहिली नसेल तर आपल्या मनाने अर्धी करायची नाही, गिळायला त्रास होत असला तरी आधी विचारायचं.

एखादी वेळ चुकली तर?

हे कागदावर आधीच लिहून ठेवावं, कारण चुकते तेव्हा रात्र असते आणि विचारायला कोणी नसतं. टिकाग्रेलॉर चुकली तर पुढची गोळी तिच्या नेहमीच्या वेळेला एकच द्यायची, दोन एकदम नाही. "भरपाई" म्हणून दुप्पट देणं कुठल्याच औषधाला करायचं नाही. बाकीच्यांचं सुट्टी घेतानाच डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि त्या-त्या औषधाखाली लिहा.

उलटी झाली तर पुन्हा द्यायची का, हाही प्रश्न येतो. परस्पर द्यायची नाही. गोळी दिल्यावर किती वेळाने उलटी झाली ते बघून फोन करायचा.

घरात औषध देणाऱ्या माणसाला मराठी वाचता येत नाही. मग?

पूर्व भागात हे रोजचं आहे. घरात तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, कुठे उर्दू. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, पण तो दिवसभर कामावर. औषध देणार त्याची आई, आणि ती आयुष्यभर विड्या वळत आली, शाळेत गेली नाही.

एका अक्कांसाठी मी कागद असा केला. चार खाने. पहिल्यात डोंगरातून उगवणारा सूर्य, दुसऱ्यात डोक्यावरचा सूर्य, तिसऱ्यात ताट, चौथ्यात चंद्र आणि अंथरूण. प्रत्येक खान्यात त्या औषधाच्या संपलेल्या पत्त्याचा तुकडा चिकटवला आणि त्याच्याखाली जितक्या गोळ्या तितके ठिपके काढले. मग मुलाला म्हटलं, हे तेलुगूत बोलून आईच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेव, एका वेळेचा एक. अक्का सकाळी तो ऐकायच्या आणि खाना बघायच्या.

पत्त्याचा तुकडा कापताना संपलेल्याच पत्त्याचा कापा. चालू पत्ता कापला की नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर, आणि उरलेली गोळी बिननावाची होते.

दुकानातून पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी आली तर चित्र जुळणार नाही. त्या दिवशी घटक आणि ताकद तीच आहे याची दुकानदाराकडून खात्री करून तुकडा बदलायचा. जुना तुकडा काढूनच नवा लावायचा, शेजारी नाही.

पथ्य आणि "जड काम नको" हे कसं लिहायचं?

घरातल्या वस्तूंच्या नावाने. जड काम म्हणजे काय, हे प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी आलं की घरातला प्रत्येकजण कळश्या, ड्रम भरायला धावतो, आजारी माणूससुद्धा. म्हणून काकांच्या कागदावर लिहिलं: "भरलेली कळशी उचलायची नाही, गॅस सिलिंडर सरकवायचा नाही, किती दिवस ते तपासणीच्या वेळी विचारायचं."

मीठ कमी म्हणजे भाजीत कमी आणि ताटात वरून घ्यायचं नाही. शेंगाचटणी, लोणचं, पापड यांत मीठ असतं हे नाव घेऊन लिहावं लागतं, कारण आपल्याकडे भाकरीबरोबर शेंगाचटणी ही कोणी "खारट" धरतच नाही. पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर एका ठरलेल्या बाटलीने मोजायचं: सकाळी ती भरून ठेवायची, चहा आणि ताक त्यातूनच वजा करायचं. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा तेच माप ठेवायचं का, हे डॉक्टरांना वेगळं विचारा.

उपवास किंवा रोजे असतील तर?

जेवणाच्या वेळा बदलल्या की औषधांचा सगळा कागद बदलतो, आणि तो बदल आपण करायचा नाही. उपवास सुरू होण्याच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन नव्या वेळा लिहून घ्यायच्या. स्टेंट नुकताच बसलेला असेल तर उपवास करावा की नाही, हाच पहिला प्रश्न त्यांना विचारा.

कोणत्या वेळी थांबायचं नाही, लगेच फोन करायचा?

हे कागदाच्या मागच्या बाजूला, लाल पेनाने, आणि कमीत कमी. यादी लांबली की कोणी वाचत नाही. काकांसाठी एवढंच होतं. छातीत दुखणं ५ मिनिटांत थांबलं नाही, बेशुद्ध पडले, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला: १०८. शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त आलं: लगेच दवाखाना. हातापायाला घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं: शुगर खाली गेली असेल, शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि फोन करायचा. शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालायचं नाही.

एक ओळ मी मुद्दाम घातली: "टिकाग्रेलॉरने काहींना थोडा दम लागल्यासारखं होतं. तसं झालं तर गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. दम जास्त असेल तर दवाखान्यात." हे आधी माहीत नसलं की घरचे घाबरून गोळीच थांबवतात.

अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणायची नाही, हेही तिथेच. रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोणतं दुखणं कमी करणारं औषध चालेल ते आधीच विचारून ठेवा.

घरच्यांना समजलं की नाही, हे कसं ओळखायचं?

"समजलं का?" असं विचारू नका. सगळे "हो" म्हणतात, समोर रांग असली की आणखी लवकर म्हणतात. मी कागद आणि औषधं त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, "वहिनी, आता उद्या सकाळ झाली असं समजा. काका उठले. काय काय करणार ते मला दाखवा." काकांच्या सुनेने पॅन्टोप्राझोल काढली, बरोबर. मग लगेच बाकीच्या तीनही काढल्या. "अर्ध्या तासाने नाश्ता" तिने वाचलं होतं, पण पुढच्या गोळ्या नाश्त्यानंतरच्या आहेत हे डोळ्यांतून सुटलं होतं, कारण मी दोन वेळांमध्ये जागाच सोडली नव्हती. चूक कागदाची होती. मी दोन वेळांमध्ये ठळक रेघ मारली आणि मधे लिहिलं: "इथे नाश्ता." दुसऱ्या वेळी बरोबर आलं.

रात्री दुसरं कोणी औषध देणार असेल, तर त्यालाही एकदा करून दाखवायला लावा.

अक्षर लागत नाही, किंवा कार्डातच काही चुकलंय असं वाटतं. काय करावं?

त्या ओळीपुढे मराठीत काहीही लिहू नका. ठळक "विचारायचं आहे" लिहा आणि कार्डावरच्या नंबरवर फोन करा. फोनवर सांगितलं गेलं तर ते उलट वाचून दाखवा: औषधाचं नाव, ताकद, किती, कधी. सांगणाऱ्याचं पद आणि वेळ कागदावर नोंदवा. मी फार्मासिस्ट असलो तरी डोस बदलत नाही. मला शंका येते, मी विचारतो, डॉक्टर ठरवतात. ओळखीतलं कोणी "आमच्या वडिलांना हीच गोळी अर्धी होती" म्हणालं तरी त्याचा या कागदाशी संबंध नाही.

पुढच्या तपासणीत औषध बदललं तर जुन्या कागदावर खाडाखोड करून चालेल का?

नाही, नवा कागद करा. खोडलेली ओळ फोटोत पुसट दिसते. आणि आता कागद एकटा नसतो: तो फोटो होऊन घरच्या ग्रुपवर गेलेला असतो, पुण्यातल्या मुलीकडे असतो, शेजारच्या काकूंकडे असतो. म्हणून प्रत्येक कागदावर वरच तारीख आणि "हा कागद आला की आधीचा बंद" ही ओळ. नवा फोटो टाकताना जुना फोटो डिलीट करायला ग्रुपवर सगळ्यांना सांगा, आणि फ्रिजवरचा जुना कागद काढून मूळ कार्डामागे टाचून ठेवा.

काकांच्या पुढच्या बुधवारी सून कागद, उरलेले पत्ते आणि ती "देऊ नये" लिहिलेली पिशवी घेऊन गेली. बीपी पुन्हा वाढलं होतं, अ‍ॅम्लोडिपिन सकाळी परत सुरू झाली. संध्याकाळी ती दुकानात आली, नवा कागद केला, आणि खालचा आकडा ८ चा ९ झाला.